राउटरचं फर्मवेअर अपडेट करताना: ॲपसारखं समजू नका, क्रम चुकवू नका

मानेवाड्याच्या एका काकूंचा फोन आला. "भाऊ, राउटर अपडेट करा म्हणून मेसेज आला होता. मी प्ले स्टोअरवर जाऊन अपडेट केलं, तरी तो लाल ठिपका जाऊनच नाही राहिला." काकूंनी राउटरच्या कंपनीचं मोबाइल ॲप अपडेट केलं होतं. राउटर होता तसाच होता.

त्याच आठवड्यात त्रिमूर्तीनगरच्या एका क्लासमधून दुसरा फोन. तिथल्या पोरानं बरोबर राउटरचंच फर्मवेअर टाकायला घेतलं होतं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर थांबली म्हणून त्यानं प्लग काढून परत लावला. त्यानंतर राउटरचा एकच दिवा लागायचा आणि तोही नुसता मिचमिचत राहायचा.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. अपडेट म्हटलं की आपल्याला मोबाइलवरचं अपडेट आठवतं, आणि तिथल्या सवयी आपण राउटरवर घेऊन येतो. खालची सगळी प्रक्रिया घरातल्या वाय-फाय राउटरसाठी, फाइल हाताने टाकून करायच्या अपडेटसाठी आहे. लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

## आधी फरक समजून घ्या

मोबाइलवर ॲप अपडेट होतं तेव्हा अँड्रॉइड स्वतः जागं असतं. नवीन पॅकेज उतरतं, त्यावरची डिजिटल सही जुन्या ॲपशी जुळते का ते अँड्रॉइड तपासतं, आणि सगळं ठीक असेल तरच जुनं बाजूला होऊन नवीन बसतं. मध्येच नेट गेलं किंवा फोन बंद पडला, तर जुनं ॲप जागच्या जागी असतं. अगदीच बिघडलं तर काढून टाकून परत घेता येतं. हे सगळं सांभाळणारा कोणीतरी वर बसलेला आहे.

राउटरमध्ये वर कोणी नाही. फर्मवेअर म्हणजेच त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, त्याचं वेबपेज, वाय-फाय चालवणारे ड्रायव्हर, सगळं एकाच गठ्ठ्यात. हा गठ्ठा एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो. स्वस्तातल्या राउटरांत ही चिप ४, ८ किंवा १६ एमबीची असते, म्हणजे मोबाइलमधल्या दोन-चार फोटोंएवढी. जुनं फर्मवेअर ठेवून शेजारी नवीन ठेवावं एवढी जागाच नसते. जुनं पुसायचं आणि त्याच जागी नवीन लिहायचं. ज्या फांदीवर बसलोय तीच बदलायची आहे.

पुसणं-लिहिणं कसं होतं हे कळलं की घाई आपोआप कमी होते. ही चिप अक्षर-अक्षर खोडता येत नाही, ठोकळ्या-ठोकळ्यानं पुसावी लागते. ठोकळा साधारण ६४ केबीचा धरा. ८ एमबीच्या चिपमध्ये असे १२८ ठोकळे होतात. एक पुसायला अर्धा सेकंद धरला, तर नुसतं पुसायलाच ६४ सेकंद. वर लिहिण्याचा वेळ वेगळा, आणि मग राउटर परत चालू होण्याचा वेगळा. १६ एमबी असेल तर दुप्पट. ह्या दोन-चार मिनिटांत वीज गेली, तर अर्धे ठोकळे नवीन, काही कोरे आणि काही जुने अशी अवस्था होते. त्यातून सिस्टिम उभी राहत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा वाचते. सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो चिपच्या वेगळ्या भागात असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. त्रिमूर्तीनगरचा राउटर त्याच्यामुळेच परत आला. ते शेवटी सांगतो.

जाता जाता: स्मार्ट बल्ब आणि प्लग ह्यांच्यापैकी बऱ्याच उपकरणांत फर्मवेअरसाठी दोन कप्पे असतात. नवीन रिकाम्या कप्प्यात लिहिलं जातं, तपासलं जातं, मग "आता इकडून सुरू हो" अशी खूण बदलते. म्हणून मध्येच लाइट गेली तरी ते जुन्यावर परत येतात. बल्बचा हा अनुभव राउटरला लावू नका.

## टप्पा १: डबा कोणाचा आहे ते बघा

फायबरचं कनेक्शन असेल तर घरात बहुधा एक डबा इंटरनेट कंपनीनं लावलेला असतो. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर वायर थेट त्याच्यातच जाते. ह्याला ओएनटी म्हणतात. ह्याचं फर्मवेअर इंटरनेट कंपनी दुरूनच बदलते, आणि तुमच्या लाइनची मांडणीही त्याच फर्मवेअरमध्ये बसवलेली असते. डबा बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मिळालेली फाइल त्यात घातली, तर डबा चालू राहील पण लाइन उठणार नाही, असं होऊ शकतं.

इशारा: फायबर ज्या डब्यात जाते, त्याला हात लावू नका. तक्रार असेल तर कनेक्शनवाल्याला फोन करा. पुढचं सगळं तुम्ही स्वतः विकत आणलेल्या राउटरसाठी.

काकूंकडे दोन्ही डबे टीव्हीच्या मागे एकावर एक ठेवलेले होते. वरचा कंपनीचा, खालचा सीताबर्डीतून आणलेला. आपलं काम खालच्याशी.

## टप्पा २: राउटर उलटा करून लेबल वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

लेबलवर मॉडेलचं नाव मोठं असतं, ते सगळे वाचतात. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात `Ver: 4.0` किंवा `V5` असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती हार्डवेअरची आवृत्ती. तिच्याकडे कोणी बघत नाही. नाव तेच ठेवून कंपन्या आतला सगळा संसार बदलतात. टीपी-लिंकचा `TL-WR841N` हा घराघरात दिसणारा राउटर घ्या. त्याच्या आवृत्ती ११ मध्ये क्वालकॉमची चिप होती, आवृत्ती १३ मध्ये मीडियाटेकची. वरून दोघे भाऊ-भाऊ, आतून परके. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याच्या कामाचं नाही.

म्हणून लेबलवरच्या तीन गोष्टी कागदावर उतरवा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, आणि प्रदेशाचं अक्षर असेल तर ते (`IN`, `EU`, `US`). वाय-फायचे चॅनेल आणि सिग्नलची ताकद देशाच्या नियमांप्रमाणे ठरते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या देशवार वेगळ्या फाइली असू शकतात.

लेबल उन्हानं किंवा धुळीनं पुसलेलं असेल तर अंदाज करू नका. राउटरच्या पेजवर `Status` किंवा `System Tools` मध्ये `Hardware Version` असं लिहिलेलं मिळतं. मी तर दोन्ही ठिकाणी बघतो. नुसत्या बॉक्सवर विश्वास ठेवू नका. दुकानात बॉक्स अदलाबदल झालेले मी पाहिले आहेत.

तपासणी: लेबलवरची आवृत्ती आणि पेजवरची आवृत्ती जुळली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आत्ता काय आहे, आणि हवंय काय

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`, नाहीतर लेबलवर असतोच. लॉगिन केलं की फर्मवेअरच्या ओळीत असं काहीसं दिसतं:

```
Firmware Version: 1.0.9 Build 20210309
```

`Build` च्या पुढचा आकडा बऱ्याचदा तारीख असते: वर्ष, महिना, दिवस. इथे ९ मार्च २०२१. आवृत्तीचे आकडे गोंधळात टाकतात, तारीख टाकत नाही. ही ओळ लिहून घ्या.

आता त्याच पेजवर `Check for Updates` असं बटण असेल तर आधी ते दाबा. ह्यात राउटर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरवरून स्वतःची फाइल मागवतो, त्यामुळे चुकीच्या आवृत्तीची भीती राहत नाही. कंपनीच्या मोबाइल ॲपमधूनही हेच करता येतं. तिथे ॲपच्या आत राउटर उघडून `Firmware Update` किंवा तशाच नावाची ओळ शोधायची असते. काकूंचा लाल ठिपका त्याच ओळीवर होता. प्ले स्टोअरवर ॲप अपडेट करणं म्हणजे रिमोट बदलणं, टीव्ही तोच राहतो.

कधी कधी बटण म्हणतं की तुम्ही अद्ययावत आहात, आणि साइटवर मात्र नवीन फाइल असते. काकूंच्या ॲपमध्ये ठिपका होता, पण दाबलं की दर वेळी एरर. अशा वेळी फाइल हाताने टाकायची. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: राउटर नीट चालतोय, आणि नवीन फाइलच्या माहितीत सुरक्षेची दुरुस्ती किंवा तुमच्या त्रासाचा उल्लेख नाही, तर घाईनं काही करायची गरज नाही.

## टप्पा ४: फाइल उतरवा, उघडा, तपासा

कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पेजवर जा. मॉडेल टाकल्यावर पेज बहुधा सगळ्यात नवीन हार्डवेअर आवृत्ती दाखवत उघडतं. काकूंच्या राउटरवर `Ver: 4.0` होतं आणि पेज उघडलं `V5` वर. आवृत्ती बदलायची छोटी यादी वर असते, ती कोणाला दिसत नाही. तिथे `V4` निवडल्यावर फाइलींची यादीच बदलली.

फाइलखालची माहिती पूर्ण वाचा. दोन वाक्यं शोधायची. पहिलं: आधी अमुक आवृत्ती टाका, मग ही. असं लिहिलेलं असेल तर उडी मारू नका, पायरी-पायरीनं जा. दुसरं: ही टाकल्यावर मागे जाता येणार नाही. ॲपची जुनी आवृत्ती कुठून तरी मिळवून बसवता येते. बरेच राउटर जुनं फर्मवेअर घ्यायलाच नकार देतात.

उतरलेली फाइल बहुधा `.zip` असते. ती तशीच राउटरला द्यायची नाही. उघडून आतली `.bin` (काही कंपन्यांत वेगळं शेपूट असतं) बाहेर काढा. आत सूचनांची पीडीएफही असते, ती वाचा. फाइलचं नाव बदलू नका. दोनदा उतरवली तर ब्राउझर नावाला `(1)` जोडतो, आणि काही राउटर तेवढ्यावरूनही कुरकुरतात. जास्तीची फाइल काढून टाकून एकदाच नीट उतरवा.

कंपनीनं `SHA256` किंवा `MD5` असा लांबलचक आकडा दिला असेल तर तो जुळवून बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
certutil -hashfile firmware.bin SHA256
```

`firmware.bin` च्या जागी तुमच्या फाइलचं नाव. आलेला आकडा साइटवरच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. काही कंपन्या हा आकडा देतच नाहीत. मग निदान साइटवर लिहिलेला आकार आणि तुमच्या फाइलचा आकार ताडून बघा. साइटवर ७ एमबी आणि तुमच्याकडे ४० केबी असेल, तर तुम्ही फाइलच्या जागी वेबपेज उतरवून बसला आहात.

इशारा: दुसऱ्या साइटवरून, ग्रुपवर आलेली, किंवा ड्राइव्हच्या लिंकवरची फाइल वापरू नका.

## टप्पा ५: सेटिंग वाचवा, आणि कागदावरही लिहा

पेजवर `Backup & Restore` मध्ये जाऊन सेटिंगची फाइल लॅपटॉपवर ठेवा. पण तिच्या भरवशावर राहू नका. अपडेटनंतर काही राउटर पूर्ण कोरे होतात, आणि जुन्या फर्मवेअरची सेटिंग फाइल नवीन फर्मवेअरला पटेलच असं नाही.

म्हणून कागद घ्या. इंटरनेट कसं जोडलंय ते लिहा: पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन आयडी भरलेला असेल तर तो आकडा. पासवर्ड पेजवर ठिपक्यांत दिसतो आणि माहीत नसेल तर कनेक्शनवाल्याकडून आधीच विचारून ठेवा. अपडेटनंतर नेट नसताना विचारायला गेलात की संध्याकाळ होते. वाय-फायचं नाव आणि पासवर्डही जसाच्या तसा लिहा, लहान-मोठी अक्षरं सांभाळून. तो तसाच परत ठेवला तर कॅमेरा, स्मार्ट प्लग, टीव्ही आपणहून जोडले जातात. एक अक्षर बदललं तर घरातली प्रत्येक वस्तू परत जोडत बसावी लागते.

काकूंच्या घरी हा कागद आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहिला. अजून तिथेच आहे.

## टप्पा ६: वीज आणि वायर

नागपूरच्या मे महिन्यात, अवकाळीचं वारं सुटलं असताना संध्याकाळी हे काम करू नका. वीज गेली तर गेलीच, पण नुसता झटका बसला तरी राउटर परत सुरू होतो. ज्या बोर्डावर कुलर आहे, त्याच बोर्डावर राउटर असेल तर कुलर चालू-बंद करतानाही हे होतं. सकाळची वेळ घ्या. घरातल्यांना सांगा की पंधरा मिनिटं कोणी बटणांना हात लावायचा नाही.

इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्यावर घ्या आणि त्याचा यूपीएस मोड चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर उचलेपर्यंत थोडा जास्त वेळ जातो, आणि तेवढ्यात राउटर पडू शकतो. खात्री करायची सोपी रीत आहे: अपडेटच्या आधीच मेन स्विच खाली करा. राउटरचे दिवे जराही न विझता चालू राहिले तरच भरवसा ठेवा.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरत असाल तर व्होल्ट बघून वायर लावा. राउटरच्या ॲडाप्टरवर 9V किंवा 12V लिहिलेलं असतं. काही यूपीएसला दोन्हीसाठी पिना असतात आणि दिसायला त्या सारख्याच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची पिन लावली तर फर्मवेअरपर्यंत जायची गरजच पडणार नाही.

आता वायर. लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा. केबल रांगेतल्या लॅन पोर्टमध्ये, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. कारण लोक समजतात त्यापेक्षा जरा वेगळं आहे. फाइल आधी राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत चढते, तिथे तपासली जाते, मगच चिपवर लिहिणं सुरू होतं. चढताना वाय-फाय तुटलं तर बहुधा एवढंच होतं की काहीच होत नाही, परत चढवावी लागते. खरी अडचण पुढे आहे. लिहिणं सुरू झालं की राउटर वाय-फाय बंद करू शकतो, तुमचं पेज गोठतं, आणि "अडकलं" म्हणून हात प्लगकडे जातो. केबल असली की आत काय चाललंय त्याचा थोडा तरी अंदाज येतो. लॅपटॉपला लॅनचं तोंडच नसेल तर यूएसबीचं लॅन ॲडाप्टर मिळतं.

शेवटचं एक काम: राउटर एकदा बंद करून चालू करा, आणि पाच मिनिटं थांबा. महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या राउटरची तात्पुरती मेमरी भरलेली असते, आणि फाइल चढताना जागा कमी पडून एरर येते.

## टप्पा ७: फाइल टाका आणि हात मागे घ्या

आधी कमांड प्रॉम्प्टची एक खिडकी उघडून हे चालू ठेवा:

```
ping -t 192.168.0.1
```

राउटर जिवंत असेपर्यंत `Reply from 192.168.0.1` अशा ओळी येत राहतील. मग ब्राउझरमध्ये `Firmware Upgrade` वर जा, `.bin` फाइल निवडा, नाव एकदा वाचा, आणि बटण दाबा.

फाइल चुकीची असेल तर बरेच राउटर इथेच अडवतात. टीपी-लिंकच्या जुन्या पेजवर `Error code: 18005` असं येतं, म्हणजे फाइलची आवृत्ती जुळली नाही. हा बिघाड नाही, राउटरनं स्वतःला वाचवलंय. परत टप्पा २ वर जा. पण प्रत्येक राउटर इतका सावध असेल असं धरून चालू नका.

अडवलं नाही तर पट्टी पुढे सरकू लागते. बऱ्याच राउटरांत ती पट्टी म्हणजे ब्राउझरमधलं नुसतं घड्याळ असतं. चिपवर किती लिहून झालं ते तिला माहीत नसतं. म्हणून ती ४० टक्क्यांवर थांबली किंवा पेज पांढरं पडलं, तरी त्यावरून आतलं काही कळत नाही. त्रिमूर्तीनगरच्या पोरानं ह्याच पट्टीवर विश्वास ठेवला. "अटकून राहिलं होतं ना भाऊ, पाच मिनिटं झाली होती," असं तो म्हणत होता. नंतर ब्राउझरची वेळ पाहिली, तर दोन मिनिटंही झाली नव्हती.

पिंगच्या खिडकीकडे बघा. काही वेळ उत्तरं येतील, मग `Request timed out` किंवा `Destination host unreachable` येईल, मग परत उत्तरं सुरू होतील. ती परत सुरू झाली म्हणजे राउटर नव्यानं उठला. एक फसवी ओळ अशी दिसते:

```
Reply from 192.168.0.102: Destination host unreachable.
```

सुरुवात `Reply from` नं आहे, पण पत्ता तुमच्या लॅपटॉपचा आहे. राउटर अजून उठलेला नाही. पत्त्याचा शेवट `.1` आहे का ते बघायचं.

इशारा: बटण दाबल्यापासून घड्याळात पूर्ण १० मिनिटं होईपर्यंत प्लग, रीसेट बटण, केबल, पेज, कशालाच हात लावायचा नाही. रिफ्रेशसुद्धा नाही.

काकूंच्या राउटरला एकूण साडेतीन मिनिटं लागली. मधली दीड मिनिटं पिंग गप्प होतं आणि काकू देवघराकडे बघत होत्या.

## टप्पा ८: झालं का ते बघा

ब्राउझरचं पेज बंद करून नवीन उघडा. जुनं पेज साठवलेलं दिसू शकतं, म्हणून शक्यतो खासगी खिडकीत. फर्मवेअरची ओळ वाचा आणि `Build` ची तारीख टप्पा ३ मध्ये लिहिलेल्या तारखेशी ताडा. काकूंच्याकडे २०२१ च्या जागी २०२३ दिसलं, तेव्हा काम झालं म्हणालो. पट्टी १०० टक्के झाली एवढ्यावर म्हणायचं नाही.

राउटर कोरा झाला असेल तर कागदावरून सेटिंग भरा. कोरा झाला नाही, पण वाय-फाय तुटतंय किंवा एखादं पान उघडत नाही, तर जुनी सेटिंग नव्या फर्मवेअरशी भांडत असते. तेव्हा पेजवरून फॅक्टरी रीसेट करा आणि सगळं हाताने भरा. त्या वेळी जुनी सेटिंग फाइल परत घालू नका, भांडण परत सुरू होईल.

बाहेरून राउटर उघडण्याची सोय, जी `Remote Management` नावानं दिसते, ती अपडेटनंतर चालू झाली नाही ना, तेही बघून घ्या.

## उठलाच नाही तर

१० मिनिटं झाली, पिंगला उत्तर नाही, दिवा नुसता मिचमिचतोय किंवा सगळे दिवे एकदम लागून विझतात आणि परत तेच. आता एकदा वीज बंद-चालू करायला हरकत नाही. तरीही तेच, तर सिस्टिम अर्धवट आहे, पण मिचमिचणारा दिवा बहुधा चांगली खूण असते: बूटलोडर जिवंत आहे. एकही दिवा लागत नसेल, तर आधी ॲडाप्टर बदलून बघा.

बूटलोडरला जागं करायची रीत बहुधा अशी असते: राउटर बंद करायचा, रीसेटचं बटण पिनेनं दाबून धरायचं, दाबलेलं असतानाच वीज चालू करायची, आणि काही सेकंदांनी सोडायचं. काही राउटर मग छोटं रिकव्हरी पेज देतात, तिथे तीच `.bin` फाइल परत टाकता येते. काही राउटर लॅपटॉपवरून टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीनं फाइल मागतात. तेव्हा लॅपटॉपला ठरावीक आयपी पत्ता द्यावा लागतो आणि फाइलला ठरावीक नाव. तो पत्ता आणि ते नाव मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून ते कंपनीच्या त्या मॉडेलच्या रिकव्हरी सूचनांतूनच घ्या. शेजाऱ्याच्या राउटरची रीत तुमच्याकडे चालेलच असं नाही.

त्रिमूर्तीनगरच्या राउटरवर पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही, कारण पोरगा बटण वीज चालू केल्यानंतर दाबत होता. तिसऱ्यांदा आधी दाबून धरलं, मी स्विच टाकला, आणि लॅपटॉपवर रिकव्हरीचं पान उघडलं. फाइल टाकली, आणि ह्या वेळी त्यानं स्वतःच प्लगवर उलटी बादली झाकून ठेवली.